काठकुणी भिंतीतील लाकूड

* कुलू खोऱ्यातील भिंतींत दिसणारे देवदाराचे आडवे थर लेखकाने शोभेचे मानले आहेत. ते पटत नाही. भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या अंगाला तुळयांची जोडी ठेवून ती आडव्या लाकडांनी जखडतात, मधली पोकळी सुट्या दगडांनी भरतात आणि वर चुना-मातीविना दगडांचा थर रचतात. कोपऱ्यांत दोन्ही भिंतींच्या तुळया एकमेकींवर येतात. कोरड्या दगडी भिंतीचे दोन्ही पापुद्रे भूकंपाच्या धक्क्याने सुटतात आणि कोपरे उघडतात. नेमके तेच हे लाकूड रोखते. दगड किंचित सरकतात, घर्षणात धक्क्याचा जोर जिरतो.

उबेसाठी जाड भिंत व बुटके दार पुरेसे होते, मग एवढे लाकूड कशाला, असा आक्षेप घेता येईल. ऊब त्यांनीच राहते, हे खरे. पण भूकंपात नुसती जाडी म्हणजे निव्वळ वजन. १९०५च्या कांगडा भूकंपातून याच बांधणीचा नग्गरचा किल्ला बचावला, असे सांगतात. एका वास्तूवरून सिद्धांत होत नाही, हे मान्य. मात्र काश्मीर आणि तुर्कस्तानच्या भूकंपप्रवण भागांतही भिंतीत असेच लाकडी पट्टे आढळतात. ही बांधणी अमरही नाही. ओल लागली की खालची तुळई कुजते आणि वरचे थर वाकडे दिसू लागतात. म्हणूनच जोते निव्वळ दगडाचे असते. (संपा.)