लाईट गेली, ऑक्सिजन सुरू आहे, मेणबत्ती नको

आपल्या धाराशिव जिल्ह्यात लाईट गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो. अशा वेळी अब्बांच्या पलंगाजवळ मेणबत्ती लावू नये. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आग भडकवतो. तो कपड्यांत, चादरीत, दाढीत मुरतो आणि मशीन बंद झाल्यावरही काही वेळ तिथेच राहतो. म्हणून टॉर्च वापरू. लोबान, बिडी, चूल दहा फूट लांबच ठेवू.

मग सिलिंडर सुरू करायचा. स्वयंपाकाचे तेलकट हात आधी साबणाने धुऊन कोरडे करू, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवायही पेट घेऊ शकते. व्हॉल्व्ह हळूहळू उघडू. नळी चालू ठेवून गादीवर टाकायची नाही. ओठ कोरडे पडले तर व्हॅसलीनऐवजी पाण्याचे जेल लावू.