बटाटा, मासळी आणि व्रताची हद्द

भाईंदर पूर्वेचा केबिन रोड ज्यांच्या पायाखालचा आहे, त्यांना 'जैन पावभाजी' समजावून सांगावी लागत नाही. त्यात बटाट्याच्या जागी कच्चे केळे घालतात. पण बटाटा तर भाजीच, मग तो वर्ज्य का?

जैन विचारात जीवांची प्रतवारी इंद्रियांवरून होते. वनस्पती एकेंद्रिय, म्हणजे तिला फक्त स्पर्श कळतो. पशू, पक्षी आणि मासे पंचेंद्रिय. मात्र कंदात एका देहात अनंत जीव राहतात, असे मानले जाते. शिवाय तो उपटला की मुळासकट झाड जाते. म्हणून मांस सगळ्यांनाच निषिद्ध, तर कंदमुळे व्रताच्या कडकपणानुसार सुटतात.

हाच हिशेब धंद्यालाही लागला. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त श्रावकाला वर्ज्य असे पंधरा व्यवसाय दिले आहेत. त्यांत कोळसा पाडणे, जंगल तोडणे, हस्तिदंत, लाख आणि विष विकणे येते. जमीन फोडण्याचे कामही येते, कारण नांगराखाली किडे-जंतू मरतात. त्यामुळे कापड, जवाहिर, सावकारी हे धंदे व्रताला सोयीचे ठरले.

पण जैन व्यापारी झाले ते केवळ अहिंसेमुळे, हे मला पटत नाही. कोल्हापूर-सांगलीकडचे दिगंबर जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील अशाच घरातले. तिथे आधार वेगळा होता. जिनसेनांच्या 'आदिपुराणा'त ऋषभदेवांनी लोकांना जी सहा कामे शिकवली, त्यांत कृषीही आहे. मुद्दाम केलेली हिंसा वेगळी आणि पोटासाठी काम करताना घडणारी वेगळी, असा भेद त्यांनी केला. तत्त्व एकच, पण मुलूख आणि जमीन बदलली तसा अर्थही बदलला.

या सगळ्या नियमांत एक गोष्ट समान आहे. 'मी काय खाणार नाही, मी काय विकणार नाही' असे व्रत घेणारा स्वतःला बांधून घेतो.

सप्टेंबर 2015 मध्ये पर्युषणानिमित्त मीरा-भाईंदर महापालिकेने आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचे ठरवले, तेव्हा ही हद्द ओलांडली गेली. राज्यकर्त्याने असे करणे नवे नव्हते. हीरविजयसूरींच्या भेटीनंतर अकबरानेही पर्युषणात कत्तल थांबवण्याचे फर्मान काढले होते. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादची नऊ दिवसांची बंदी वैध ठरवताना त्याचाच दाखला दिला. बंदी थोड्या दिवसांची आहे, एवढ्याने धंद्याचा हक्क मोडत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे.

मुंबईतल्या बंदीविरुद्ध मात्र मटणविक्रेते उच्च न्यायालयात गेले. मासळीला बंदी का नाही, असे तिथे विचारले गेले. पाण्याबाहेर काढताच मासा मरतो, त्याची कत्तल होत नाही, असे सरकारी उत्तर आले. जैन हिशेबात मासा पंचेंद्रिय आहे. त्याला सूट देणारा नियम जैनांच्या नीतीतून आलेला असू शकत नाही, तो सोयीतून आला होता. व्रत पाळणाऱ्याचे त्यात काही गेले नाही. रोजच्या विक्रीवर चूल पेटणाऱ्या खाटकाची मात्र तेवढ्या दिवसांची कमाई गेली असती, आणि ते व्रत त्याने घेतलेच नव्हते.