आजीच्या हनुवटीवरचा ठिपका

आमच्या घरात आजीचा एकच फोटो आहे. १९५७ साली मनमाडच्या एका स्टुडिओत तो काढला, असे त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले आहे. आजोबा रेल्वेच्या गँगमध्ये होते. फोटोत ते स्टुडिओचा कोट घालून उभे आहेत. कोट त्यांच्या मापाचा नाही, बाह्या बोटांपर्यंत आल्या आहेत. आजी खुर्चीवर बसली आहे, मांडीवर वडील आहेत आणि शेजारी पाच-सहा वर्षांची आत्या दोन्ही हात सरळ खाली सोडून उभी आहे. आजी १९८१ साली वारली. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे मला ठाऊक असलेली आजी या कागदापुरतीच. घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, तेव्हा डायऱ्या, पत्रे, वंशावळी असले काही आमच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. जे आहे ते सहा इंच बाय चार इंचांचे, मधून घडी पडलेले, कडांना पिवळे झालेले.

धाकट्या भावाने गेल्या वर्षी घर बांधले. दर्शनी भिंतीवर हा फोटो मोठा करून लावायचा असे त्याच्या मनात आले आणि त्यातून आमच्यात वाद सुरू झाला. महिनाभरात एकाच फोटोच्या चार 'दुरुस्त' आवृत्त्या तयार झाल्या. पहिली तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याने केली. दुसरी भावाने मोबाईलच्या एका अ‍ॅपमधून काढली. तिसरी माझ्या एका विद्यार्थ्याने संगणकावर केली. चौथी मी स्वतः, शिकत शिकत, तीन रविवार बसून केली. भावाची आवृत्ती सर्वांना आवडली. आजी तीत खरोखरच सुंदर दिसत होती. ती आत्याला दाखवली तेव्हा तिने मोबाईल दूर धरला, जवळ आणला आणि म्हणाली, "आरं, ह्यी माझी आई न्हाई. आईच्या हनुवटीवर गोंदण व्हतं, ते कुठं गेलं?"

मी इतिहास शिकवतो. साधनाची चिकित्सा करा, नक्कल कोणी केली, कशावरून केली, काय गाळले ते आधी पाहा, असे वर्गात दरवर्षी सांगतो. घरातल्या कागदाला मात्र ती कसोटी लावायचे मला आत्याच्या त्या वाक्यापर्यंत सुचले नव्हते.

प्रथम नक्कल कशावरून केली ते पाहिले. भावाने फ्रेममधल्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढला होता. तो आतेभावाकडे जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आला, आणि येताना लहान होऊन आला. त्यात आजीचा चेहरा जेमतेम नव्वद ठिपके उंच होता. एवढ्याशा चेहऱ्यात गोंदणाच्या वाट्याला किती ठिपके येणार? दोन किंवा तीन. यंत्राला ते कचऱ्यासारखे दिसले यात नवल नाही. मी फ्रेम उघडली, फोटो मऊ ब्रशने झाडला आणि कॉलेजच्या सपाट स्कॅनरवर इंचाला सहाशे ठिपके या हिशेबाने स्कॅन केला. मूळ फोटोत आजीचा चेहरा नऊ मिलिमीटर उंच आहे, तो आता दोनशे दहाच्या आसपास ठिपक्यांचा झाला. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच केला आणि टिफ या स्वरूपात ठेवला. दर वेळी साठवताना त्यातले काही गळत नाही. फोटोची पाठही स्कॅन केली, कारण साल तिथेच आहे.

रंगीत स्कॅनचा उपयोग मला पुढे कळला. आजीच्या चेहऱ्यावर तीन काळसर ठिपके दिसत होते. एक हनुवटीवर, एक दोन भुवयांच्या मध्ये, एक उजव्या गालावर. यातले गोंदण कोणते आणि कागदावरचा डाग कोणता? आत्याला हनुवटीचे नक्की आठवत होते, बाकीचे नाही. फोटो पुन्हा झाडून, थोडा सरकवून दुसऱ्यांदा स्कॅन केला. स्कॅनरच्या काचेवर धूळ असती तर ठिपके चेहऱ्यावरून हलले असते. ते जागचे हलले नाहीत. मग संगणकावर रंगीत चित्राचे तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन भाग वेगळे करून पाहिले. जुन्या कागदावरचा ओलाव्याचा डाग तपकिरी असतो. तो निळ्या भागात गडद दिसतो आणि तांबड्या भागात फिका पडतो. फोटोतली प्रतिमा मात्र चांदीच्या कणांची असते, ती तिन्ही भागांत जवळपास सारखीच राहते. तांबड्या भागात गालावरचा ठिपका जवळजवळ नाहीसा झाला. हनुवटीचा आणि कपाळाचा तसेच राहिले. म्हणजे गालावरचा डाग कागदाचा होता आणि ते दोन ठिपके १९५७ साली कॅमेऱ्यासमोर होते. आत्याला हे सांगितले तेव्हा ती सहज म्हणाली, "कपाळावर बी व्हतं की."

मग चारही आवृत्त्या याच स्कॅनवर एकावर एक अशा नेमक्या बसवल्या की डोळ्यावर डोळा येईल, आणि वरची झाकायची-दाखवायची असे पटापट केले. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांत डोळा फसतो. असे उघडझाप केले की जे बदलले आहे तेवढेच हलते. भावाच्या आवृत्तीत आजीचा सगळा चेहराच हलला. तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित लहान आहे, तो सारखा केला गेला होता. मिटलेले ओठ थोडे उघडून आत दातांची पांढरी रेघ आली होती. नाक बारीक झाले होते. गालांवर बारीक खड्डे आहेत, प्रत्येकाच्या एकाच बाजूला सावली पडलेली. डागांच्या सावल्या अशा एका दिशेच्या नसतात, तेव्हा ते देवीचे व्रण आहेत. आजीला लहानपणी देवी आल्या होत्या हे घरात सर्वांना ठाऊक आहे. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. तोवर आपल्या वस्त्यांतून ही खूण गालावर घेऊन किती माणसे वावरली! यंत्राने ती गुळगुळीत केली होती.

हे असे का होते, ते विद्यार्थ्याने समजावले. त्याने जीएफपीगॅन नावाची प्रणाली वापरली होती. टेन्सेंट या चिनी कंपनीच्या संशोधकांनी ती २०२१ साली प्रसिद्ध केली. फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेल्या ७०,००० चेहऱ्यांच्या एका संचावर ती शिकली आहे. अंधूक चेहरा तिच्यापुढे ठेवला की ती त्यातली धूळ पुसत बसत नाही, शिकलेल्या चेहऱ्यांच्या आधाराने तिथे एक स्पष्ट चेहरा नव्याने रचते. त्या संचात मनमाडच्या रेल्वे चाळीतल्या, गोंदलेल्या हनुवटीच्या बाया किती असणार? मी त्याला एक प्रयोग करायला लावला. तोच स्कॅन एकदा पूर्ण आणि एकदा कडेने थोडा कापून यंत्राला द्यायचा. दोन्ही वेळा आलेल्या चेहऱ्यांवर पापण्यांचे केस वेगळे निघाले आणि ओठांची कडही वेगळी. कागदावर जे खरोखर आहे ते दोन्ही वेळा सारखेच यायला हवे. जिथे फरक पडला तिथे यंत्र मनाचे सांगत होते. भावाच्या अ‍ॅपमध्ये रंगही भरता येत होता. तिथे एकदा आजीचे लुगडे निळे आले, एकदा विटकरी. आत्या सांगते ते हिरवे होते, तांबड्या काठाचे. करडी छटा एकच असली तरी तिच्यामागे कितीतरी रंग असू शकतात. तो तपशील फोटोत उरलेलाच नाही.

विद्यार्थ्याने मूळ आणि यंत्राचा चेहरा निम्मे-निम्मे मिसळून तिसरी आवृत्ती केली होती. सर्वांत अवघड गेली ती हीच. तिच्यात गोंदण पुसट का होईना दिसते, व्रणही थोडे दिसतात, त्यामुळे ती प्रामाणिक वाटते. मग भिंग लावल्यासारखे मोठे करून पाहिले. मागच्या पडद्यावर फोटोचा रवाळपणा आहे, कोटावर आहे, फक्त चेहऱ्यांवर नाही. एकाच कागदावर असे होत नसते. फ्लेक्सवाल्याच्या आवृत्तीला एवढी तपासणी लागली नाही. आजोबांच्या कोटाच्या कडेने पांढरी रेघ आली होती, ती धार वाढवण्याच्या हव्यासाची. चौघांचेही रंग उजळले होते. मी विचारले तर तो म्हणाला, "सर, गिऱ्हाईक तेच मागतं." त्याला दोष काय द्यायचा?

आणि मूळ तरी कितपत निर्मळ आहे? आजोबांचे कपाळ भिंगातून पाहिले तर त्यांच्या मानेपेक्षा विलक्षण नितळ दिसते. त्या काळी स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या मिटवीत. आजोबांच्या कपाळावर ती फिरली असावी असे मला वाटते. पण ते १९५७ सालचे काम आहे, फोटोच्या इतिहासाचाच भाग. ते मी तसेच ठेवले.

माझ्या आवृत्तीत मी फार थोडे केले. पिवळेपणा काढून काळे-पांढरे नीट केले. पडद्यावरचे आणि कपड्यांवरचे डाग शेजारची छटा घेऊन बुजवले, गालावरचा तो तपकिरी डागही. घडीची रेघ पडद्यावर भरली. पण ती आजीच्या हनुवटीवरूनही जाते आणि गोंदणाचा खालचा कोपरा तिच्याखाली गेला आहे. तिथे हात लावला नाही. गोंदणाची आकृती पूर्ण कशी होती ते मला माहीत नाही. आत्याही हातवारे करून दोन वेळा दोन प्रकारे सांगते. तिला भावाची आवृत्ती आधी दाखवली ही माझी चूक झाली. आधी धूसर मूळ दाखवून विचारायला हवे होते.

एक गोष्ट राहिली. आजोबांच्या कोटावर छातीशी एक गोल बिल्ला आहे, चार मिलिमीटरचा. अ‍ॅपने त्याचे चकचकीत बटण केले होते. माझ्या स्कॅनमध्ये गडद गोलात एक फिकट लांबट आकार दिसतो. इंचाला बाराशे ठिपक्यांनी पुन्हा स्कॅन केले, आकार मोठा झाला, स्पष्ट झाला नाही, कारण कागदावरच त्याहून जास्त उतरलेले नाही. आत्या म्हणते, "बाबासायबांचा बिल्ला व्हता तो. कोट स्टुडिओचा, बिल्ला दादाचा." १९५६ च्या धम्मदीक्षेला वर्षही झाले नसेल किंवा नुकतेच झाले असेल. तिच्यावर माझा विश्वास आहे. भाऊ म्हणाला, "मग तिथं बाबासाहेबांचा चेहरा बसवून घेऊ, खोटं थोडंच आहे?" मोह मलाही झाला, नाही असे नाही. अखेर बिल्ला धूसरच ठेवला आणि आत्याचे म्हणणे, तिने ते कोणत्या तारखेला सांगितले त्यासह, फोटोखाली लिहिले.

भिंतीवर आता चौथी आवृत्ती आहे. मूळ कागद आम्लविरहित पाकिटात घालून कपाटात ठेवला आहे आणि स्कॅनच्या प्रती तीन घरांत आहेत. भावाच्या मोबाईलवर मात्र अजून ती सुंदर आजीच आहे.