तीन प्रश्न आणि एक खोटे प्रसिद्धिपत्रक : वृत्तकक्षातील वर्गीकरणाचा इतिहास (थ्रेड)

१/ २५ ऑगस्ट २००० रोजी सकाळी अमेरिकेतील शेअर बाजारात एका कंपनीचा समभाग सुमारे सोळा मिनिटांत १०४ डॉलरवरून ४३ डॉलरवर कोसळला. कंपनीत त्या दिवशी काहीच घडलेले नव्हते. घडले ते वृत्तकक्षांत. एक प्रसिद्धिपत्रक आले, योग्य विभागाकडे गेले, 'तातडीचे' ठरले आणि छापले गेले. ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोटे होते. आलेल्या टपालाचे वर्गीकरण पत्रकार कसे करतात आणि ते नेमके कुठे फसते, याचा हा इतिहास.

२/ वृत्तपत्राच्या कार्यालयात रोज येणारा मजकूर दोन प्रकारचा असतो. संस्थांनी पाठवलेली प्रसिद्धिपत्रके आणि वाचकांची पत्रे किंवा ई-मेल. तो हाताळणाऱ्या माणसाला प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारावे लागतात. हा विषय कोणत्या बीटचा, म्हणजे न्यायालय, गुन्हे, अर्थ, महापालिका यांपैकी कोणाचा? याची घाई किती? आणि हे खरोखर कोण बोलत आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा मजकुरातच सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मजकुराबाहेर शोधावे लागते. पुढील सारी कथा या फरकाची आहे.

३/ आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा आरंभ सामान्यतः १९०६ मधील मानला जातो. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अटलांटिक सिटीजवळ एक विद्युत रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही गाडी पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अखत्यारीतील होती. कंपनीचे प्रसिद्धी-सल्लागार आयव्ही ली यांनी अपघात दडपण्याऐवजी कंपनीचे निवेदन स्वतःहून वृत्तपत्रांना दिले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते ३० ऑक्टोबरच्या अंकात जसेच्या तसे छापले.

४/ याच वर्षी ली यांनी आपल्या कामाची तत्त्वे जाहीर केली. आपले काम उघडपणे चालेल, ते कोणाच्या वतीने चालले आहे हे लपवले जाणार नाही आणि संपादकांना तपशील पडताळून पाहण्यास साहाय्य केले जाईल, असा त्यांचा आशय होता. ली हे पक्षपाती होते, कारण त्यांचे वेतन कंपनीच देत असे. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते कागदासोबतच देत होते. प्रसिद्धिपत्रकावर संपादक जो विश्वास टाकू लागले, तो या ओळखीच्या आधारावर.

५/ दुसरा प्रश्न घाईचा. त्याचे उत्तर टेलिप्रिंटरने घंटेच्या रूपात दिले. या यंत्राच्या संकेतावलीत अक्षरांसारखाच घंटेचाही एक संकेत असे. वृत्तसंस्थेने तो पाठवला की शेकडो मैलांवरच्या वृत्तकक्षात घंटा वाजे. नेहमीच्या मजकुराला घंटा नसे. युनायटेड प्रेस इंटरनॅशनल 'बुलेटिन'साठी पाच घंटा देई आणि सर्वोच्च दर्जाच्या 'फ्लॅश'साठी त्याहून अधिक. उपसंपादक खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला, तरी घंटा मोजून खुर्चीतून उठायचे की नाही हे ठरवी.

६/ २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या ताफ्यावर गोळीबार झाला. ताफ्यातील वार्ताहरांच्या मोटारीत रेडिओ-टेलिफोन होता. युनायटेड प्रेसचे मेरीमन स्मिथ यांनी त्यावरून आपल्या कार्यालयाला वार्ता कळवली आणि दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांनी पहिले बुलेटिन तारेवर आले. जगभरच्या वृत्तकक्षांनी क्षणात हातातले काम टाकले. त्यांना घंटेवर विश्वास ठेवता आला, कारण ती वाजवणारा कोण हे ठाऊक होते. त्या तारेवर परक्या माणसाला हात ठेवता येत नव्हता. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच तिसऱ्याचे उत्तर दडलेले होते.

७/ ई-मेलने ही गाठ सोडवली. आता वर्गीकरणाचे नियम संगणकाला सांगता येऊ लागले. अमुक पत्त्यावरून आलेला मेल अर्थविभागाच्या फोल्डरमध्ये टाक. विषयाच्या ओळीत 'राजीनामा', 'चौकशी', 'दिवाळखोरी' असा शब्द दिसला तर सूचना दे. घंटा तीच राहिली, पण ती वाजवण्याचा अधिकार वृत्तसंस्थेकडून निघून शब्दांकडे गेला. योग्य शब्द लिहिणारा कोणीही आता घंटा वाजवू शकत होता.

८/ आता पुन्हा ऑगस्ट २००० कडे येऊ. एम्युलेक्स ही कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथील, संगणक-साठवणुकीची साधने बनवणारी कंपनी. मार्क जेकब या २३ वर्षांच्या तरुणाने तिच्या समभागांत मंदीचा सौदा केला होता. म्हणजे उसने घेतलेले समभाग आधी विकायचे आणि भाव उतरल्यावर स्वस्तात विकत घेऊन परत करायचे. भाव उतरण्याऐवजी चढला आणि त्याचा तोटा एक लाख डॉलरच्या घरात गेला. योगायोगाने तो काही दिवसांपूर्वीपर्यंत 'इंटरनेट वायर' या प्रसिद्धिपत्रके वितरित करणाऱ्या कंपनीत नोकरीस होता.

९/ २४ ऑगस्टला त्याने एका महाविद्यालयाच्या संगणकावरून इंटरनेट वायरला मेल पाठवला. एम्युलेक्सच्या मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला आहे, शेअर बाजार नियामक चौकशी करत आहे आणि आधी जाहीर केलेला नफा प्रत्यक्षात तोटा होता, असे त्यात म्हटले होते. आपल्या जुन्या कार्यालयाची कार्यपद्धती आणि तिथली भाषा त्याला पाठ होती. त्यामुळे मेल वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांना आवश्यक ती तपासणी आधीच झाली आहे असे वाटले. कोणी कंपनीला दूरध्वनी केला नाही.

१०/ दुसऱ्या दिवशी सकाळी, न्यूयॉर्कचा बाजार उघडण्याच्या सुमारास पत्रक प्रसृत झाले. ते हाती पडलेल्या वित्तीय वार्ताहराच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. बीट कोणते? अर्थ आणि तंत्रज्ञान, यात शंका नाही. घाई किती? राजीनामा, चौकशी आणि तोटा एकाच पत्रकात असताना सर्वाधिक. कोण बोलत आहे? वर इंटरनेट वायरचे नाव आहे, म्हणजे कोणीतरी तपासलेच असणार. तिन्ही खुणा जुळल्या. ब्लूमबर्गसह अनेक वित्तीय वृत्तसेवांनी ती बातमी पुढे दिली आणि एकीची बातमी दुसरीसाठी दुजोरा ठरली.

११/ वेळेनेही साथ दिली. न्यूयॉर्कमध्ये साडेनऊ वाजले, तेव्हा कोस्टा मेसा येथे सकाळचे साडेसहा होते. खुलासा करण्यासाठी कंपनीत जवळजवळ कोणीच नव्हते. समभाग ४३ डॉलरपर्यंत घसरला आणि दोन अब्ज डॉलरहून अधिक बाजारमूल्य कागदावर नाहीसे झाले. साडेदहाच्या सुमारास नॅसडॅकने व्यवहार थांबवले. खुलासा आल्यावर भाव सावरला आणि दिवसअखेर तो १०५ डॉलरच्या पुढे बंद झाला. पण घाबरून मधल्या मिनिटांत विकून बसलेल्यांचे पैसे परत येणार नव्हते. गुंतवणूकदारांचे नुकसान सुमारे ११ कोटी डॉलरचे होते. जेकबला सुमारे २ लाख ४१ हजार डॉलरचा लाभ झाला.

१२/ हा लाभ आठवडाभरही टिकला नाही. मेलचा माग महाविद्यालयाच्या संगणकापर्यंत पोहोचला आणि ३१ ऑगस्टला जेकबला अटक झाली. त्याने गुन्हा कबूल केला व २००१ मध्ये त्याला ४४ महिन्यांची शिक्षा झाली. वृत्तकक्षांपुढचा प्रश्न मात्र निराळा होता. प्रत्येकाने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आधीच्या माणसावर सोपवले होते. साखळीतील पहिल्या कडीने ते दिलेच नव्हते, म्हणून पुढची एकही कडी ते देऊ शकली नाही.

१३/ अशा पत्रकाची परीक्षा जुनीच आहे. त्यावर छापलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करू नये, कारण तो क्रमांकही खोट्या माणसाचाच असू शकतो. बीट सांभाळणाऱ्या वार्ताहराच्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर करावा. म्हणूनच मजकूर बीटनुसार वाटण्याचा खरा उपयोग विषयाची सोय एवढाच नसतो. त्या कंपनीत कोण बोलतो, कसे बोलतो, पत्रके एरवी कोणत्या मार्गाने येतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती कागद जावा, हा असतो. घंटेचा अर्थ 'पाहा' एवढाच घ्यायचा. 'छापा' हा अर्थ तिला वार्ताहराच्या दूरध्वनीनंतर येतो.

१४/ वर्गीकरण उलट बाजूनेही फसते. १ डिसेंबर २०१२ रोजी 'गार्डियन'चे स्तंभलेखक ग्लेन ग्रीनवाल्ड यांना एका अनोळखी वाचकाचा मेल आला. सही होती 'सिनसिनाटस'. मजकूर कूटबद्ध करणारी प्रणाली तुम्ही बसवून घ्यावी, म्हणजे काही सांगता येईल, एवढाच त्याचा आग्रह होता. मोठी बातमी देऊ म्हणणारे मेल ग्रीनवाल्ड यांना नेहमीच येत. या मेलमध्ये तर बातमीच नव्हती. त्यांनी उत्तर दिले, पण प्रणाली बसवली नाही. पत्रलेखकाने पायरी-पायरीने सूचना लिहून पाठवल्या, तरीही काम रेंगाळले.

१५/ याही मेलला तेच तीन प्रश्न विचारून पाहावेत. बीट? सांगता येत नाही. घाई? एकही तातडीचा शब्द नाही. कोण बोलत आहे? टोपणनाव. तिन्ही खुणा चुकल्या, आणि पत्रलेखक होता एडवर्ड स्नोडेन. अखेर जानेवारी २०१३ मध्ये त्याने चित्रपटकार लॉरा पॉइट्रस यांच्याशी संपर्क साधला. त्या आधीपासून कूटबद्ध मेल वापरत असल्यामुळे संवाद सुरू होऊ शकला. त्यांच्यामार्फत ग्रीनवाल्ड यात आले आणि जून २०१३ मध्ये अमेरिकी पाळतीची कागदपत्रे 'गार्डियन'मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. पहिल्या मेलनंतर सहा महिने उलटले होते.

१६/ दोन्ही चुकांवर एकच उपाय चालत नाही. चाळणी कडक केली तर जेकब अडतो, पण स्नोडेनही अडतो. सैल केली तर दोघेही आत येतात. म्हणून पुढे दरवाजेच वेगळे झाले. आरन स्वार्ट्झ आणि केविन पोल्सन यांनी घडवलेली, ओळख न देता कागदपत्रे पाठवण्याची प्रणाली मे २०१३ मध्ये 'न्यूयॉर्कर'ने सुरू केली. पुढे 'सिक्योरड्रॉप' या नावाने ती अनेक वृत्तपत्रांनी स्वीकारली. या दारातून येणारा आपले नाव सांगत नाही, हे तिथे गृहीतच धरलेले असते. त्यामुळे तिथल्या कागदाला घंटा नसते. तो आधी तपासला जातो, आणि त्याचे बीट त्यानंतर ठरते.