न जन्मलेल्याची परवानगी कोण घेणार?

आज जरा वेगळा विषय घेतलाय. 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका तरुणाची बातमी जगभर गाजली. राफाएल सॅम्युएल त्याचं नाव, वय 27. त्याचं म्हणणं असं, की आईवडिलांनी मला न विचारता जन्माला घातलं, म्हणून मी त्यांच्यावर खटला भरणार. घरात भांडण होतं म्हणाल, तर तसंही नव्हतं. आईवडिलांवर माझं प्रेम आहे, आयुष्यही बरं चाललंय, हे तो स्वतःच सांगत होता. त्याचा प्रश्न एवढाच होता: ज्यानं जन्म मागितला नाही, त्याला या त्रासात आणायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

त्याचे आईवडील दोघंही वकील. आईनं उत्तर दिलं, की जन्माआधी तुझी परवानगी आम्ही कशी घ्यायची, हे तू पटेल असं सांग, मी माझी चूक कबूल करते. बातमी वाचून पुष्कळ लोक हसले. पण हसून सोडून द्यावा असा हा प्रश्न नाही. "मला कशाला जन्माला घातलंस?" हे वाक्य आपल्यातल्या किती जणींनी पोरांच्या तोंडून ऐकलंय, किंवा स्वतः आईला ऐकवलंय.

या विचाराला इंग्रजीत अँटिनेटॅलिझम म्हणतात. आपण जन्मविरोधी विचार म्हणू. दक्षिण आफ्रिकेतले तत्त्वज्ञ डेव्हिड बेनाटर यांनी 2006 साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि आज या विचाराची जी चर्चा होते, ती बरीचशी त्यांच्या मांडणीवर चालते. मांडणी अशी. माणूस जन्मला तर त्याला दुःख होणार, ते वाईट. सुखही मिळणार, ते चांगलं. आता तो जन्मलाच नाही असं धरा. त्याचं दुःख टळलं, हे चांगलं झालं. सुखही हुकलं, पण ते वाईट म्हणता येत नाही, कारण हळहळायला कोणी नाहीच. जो पाहुणा जगातच नाही, त्याच्या ताटात पुरणपोळी पडली नाही म्हणून कोण रडतंय? म्हणजे न जन्मण्यात सगळा फायदाच आणि जन्मण्यात तोटा निश्चित, असा त्यांचा हिशेब.

बचत गटाचं वहीखातं सांभाळणाऱ्या बाईला या हिशेबात एक खोट लगेच दिसते. सुख हुकलं ते कुणाचं, तर कुणाचंच नाही, म्हणून ते खात्यात धरायचं नाही. मग दुःख टळलं ते तरी कुणाचं? तेही कुणाचंच नाही. पण ते मात्र जमेला! एकाच बाईच्या नावावर खातं नाही म्हणून ठेव घ्यायची नाही आणि व्याज मात्र लिहायचं, असं झालं हे. बेनाटर यांनी या आक्षेपाला उत्तरं दिलीत, वाद अजून चालूच आहे. मला मात्र ती उत्तरं पटलेली नाहीत.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनंही सांगायला हवी. जन्माला घालू नये असं म्हणणं वेगळं आणि जन्मलेल्यानं जगू नये असं म्हणणं वेगळं. बेनाटर दोन्हीत स्पष्ट फरक करतात. म्हणून कुणी तरुण पोरगी तत्त्वज्ञान म्हणून हे बोलत असेल तर तिच्याशी वाद घाला. पण "मी नसते तर बरं झालं असतं" असं कुणी गप्प गप्प होऊन, जेवणखाण सोडून म्हणत असेल, तर तो वादाचा विषय नाही. तिच्याजवळ बसा. 14416 हा टेली-मानसचा सरकारी फोन आहे, तो मोफत आहे.

आता आपल्याकडचं बघू. जन्म म्हणजे दुःख, हे बुद्धानं अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलं. गर्भवास नको, जन्ममरणाचा फेरा चुकू दे, हे तर आपण भजनातच गातो. पण तुकोबांचं बघा. 1630 च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. दुःख काय असतं ते या माणसाला कुणी पुस्तकातून सांगायला नको होतं. आणि तेच तुकोबा देवाकडे मागणं मागताना म्हणतात, की संतांची संगत देणार असशील तर मला पुन्हा गर्भवासात खुशाल घाल. दुःख मोजून झाल्यावरही त्यांनी जन्माला नकार दिला नाही.

पण तुकोबा पुरुष होते. ज्या देहातून जन्म होतो, त्या देहाचं काय, हे पुढं एका बाईनं दाखवलं, आणि तिचं नाव आपल्या कोल्हापूरशी जोडलेलं आहे. आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. योग्य उपचार मिळाले नाहीत म्हणून. मुलाला जगात आणलं आणि त्याच्या वाट्याला दहा दिवसच आले, म्हणजे जन्मविरोधी विचाराला याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही. पण आनंदीबाईंनी यातून काढलेला अर्थ वेगळा होता. हे मरण टाळता येण्यासारखं होतं, असं त्यांना दिसलं. त्या अमेरिकेला गेल्या, 1886 साली डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध होता बाळंतपणाच्या शास्त्रावर. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी दिली. ती हाती घेण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 ला, त्या पुण्यात वारल्या. वय पुरतं 22 सुद्धा नव्हतं.

जन्मविरोधी विचार इथं अडखळतो असं मला वाटतं. तो सगळं दुःख एकाच पोत्यात भरतो. म्हातारपण, मरण, आपलं माणूस जाणं, ही दुःखं कुणालाच चुकत नाहीत. पण लहान वयात लादलेलं बाळंतपण, औषधावाचून गेलेलं पोर, रक्त कमी असताना पाठोपाठ राहिलेले दिवस, ही दुःखं माणसांनी केलेली असतात. ती टाळायची राहिली म्हणून जन्मच टाळा म्हणणं, म्हणजे छप्पर गळतंय म्हणून घरच नको म्हणण्यासारखं झालं.

पुढचं पाऊल टाकलं रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, मुंबईत गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असं केंद्र काढलं, तेही त्याच वर्षी. या कामापायी कर्व्यांची नोकरी गेली. 1927 पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, ते 1953 साली मरेपर्यंत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. म्हणून कुणी त्यांना जन्मविरोधी म्हणेल. पण ते तसे नव्हते. जन्म वाईट असं त्यांचं म्हणणं नव्हतं. नको असताना झालेला जन्म आईला आणि मुलाला दोघांनाही जड जातो, तो टाळण्याचा उपाय बाईच्या हाती हवा, एवढं ते सांगत राहिले. वाचकांच्या प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड भरला, मासिक चालू राहिलं.

बाबासाहेब तिथं थांबले नाहीत. 10 नोव्हेंबर 1938 ला मुंबईच्या विधिमंडळात त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांचं होतं. त्यात एक मुद्दा असा, की बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलाला कुणी तयार झालं नसतं. ठराव नामंजूर झाला.

राजारामपुरीतल्या आमच्या बैठकीत मी हे सांगितलं, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आवं ताई, पोराला इचारलं न्हाई म्हणून त्यो खटला भरतोय. मला तरी कुणी इचारलं हुतं? पाच झाली मला." मावशी हसत होत्या, बाकीच्या गप्प झाल्या. परवानगीच्या या सगळ्या वादात मला हाच खरा मुद्दा वाटतो. न जन्मलेल्याला विचारता येत नाही. त्याला विचारायचं म्हणजे आधी तो असायला हवा. पण जिच्या पोटी तो येणार ती तर समोर असते. तिला विचारता येतं, आणि नेमकं तिलाच विचारलं जात नाही.

विचारायचं विसरलं की हा विचार कुठं जातो, ते महाराष्ट्रानं दोनदा पाहिलं. एकदा आणीबाणीत. 1976 साली आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. जन्म लादणं आणि जन्म रोखणं, दोन्हीकडे सक्ती होतीच.

दुसरी वेळ आपल्या जिल्ह्याची. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 839 मुली निघाल्या. तेव्हा राज्याचा आकडा 913 होता. गर्भलिंग तपासायला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्रानंच केला, आणि तरी ही स्थिती. त्या काळात घरोघरी काय बोललं जायचं, आठवा. "पोरीचा जन्म म्हणजे भोग. हुंडा, सासुरवास. कशाला तिला या दुःखात आणायचं?" शब्द बघा, अगदी जन्मविरोधी विचाराचेच आहेत. दुःख टाळण्यासाठी जन्म टाळा. फक्त मुलाच्या वेळी हे दुःख कुणाला दिसत नव्हतं. पुढं जिल्ह्यातल्या सोनोग्राफी मशीनना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले, प्रत्येक तपासणीची नोंद व्हायला लागली. पण मशीन तपासणीची नोंद ठेवतं, घरात सासू काय बोलली त्याची ठेवत नाही. म्हणून कुणी मुलाच्या दुःखाचं नाव काढून जन्म नको म्हणाली, तर मी एक गोष्ट तपासून बघते. हेच कारण ती मुलगा आणि मुलगी दोघांना सारखं लावते का? आणि हा निर्णय तिचा आहे, की तिच्यासाठी दुसऱ्या कुणी घेतलाय?

ज्या सुनेला खरंच मूल नको आहे, किंवा एकावर थांबायचं आहे, तिला यात काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही. तिनं बेनाटर वाचायला नको, जग वाईट आहे हेही पटवायला नको. मूल हवं असणारीला कुणी कारण विचारतं का? मग नको असणारीलाच का विचारावं?

कागदावर काय आहे तेही सांगते. 1971 च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तांबी बसवायला लागत नाही. नसबंदीच्या सरकारी नियमातही जोडीदाराची संमती सक्तीची नाही. तरी दवाखान्यात गेलं की "मालकांना घेऊन या" म्हणतात, आणि आपल्या बाया परत येतात. असं कुणी म्हणालं, तर हा नियम कुठं लिहिलाय ते दाखवा, एवढंच विचारा. सोबत गटातल्या एकीला घेऊन जा.