खाजगी कंपनीचे सार्वजनिक कंपनीत रूपांतर : नियमावलीतील बदलांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

खाजगी कंपनी सार्वजनिक होते म्हणजे तिचे भाग शेअर बाजारात येतात, असा समज व्यवहारात सर्रास आढळतो. कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी भिन्न आहेत. कंपनी सार्वजनिक होऊनही जनतेकडून एक रुपयाही न मागता ती वर्षानुवर्षे चालू शकते. रूपांतर घडते ते बाजारात नव्हे, तर कंपनीच्या नियमावलीत. ही कसोटी भारतीय कायद्याने १९६० ते २००० या चार दशकांत काही अंशी बाजूला ठेवली होती. त्यातून कोणते प्रश्न उद्भवले आणि आजच्या कार्यपद्धतीशी त्यांचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीन निर्बंधांची कसोटी

१९१३ च्या भारतीय कंपनी कायद्याने खाजगी कंपनीची ओळख नियमावलीतील तीन निर्बंधांवरून ठरविली. भागांच्या हस्तांतरणावर बंधन, सभासदसंख्येला ५० ची मर्यादा आणि भाग वा कर्जरोखे घेण्यासाठी जनतेला आवाहन करण्यास मनाई, असे हे निर्बंध होते. १९५६ च्या कायद्याने तीच व्याख्या पुढे चालविली. त्याच्या कलम ४४ नुसार, नियमावलीत बदल होऊन हे निर्बंध त्यात उरले नाहीत, तर बदलाच्या दिवसापासूनच कंपनी खाजगी राहत नसे. त्यानंतर ठराविक मुदतीत निबंधकाकडे माहितीपत्रक किंवा त्याऐवजीचे निवेदन दाखल करावे लागे.

या रचनेमागील तत्त्व सरळ होते. नियमावली हा भागधारकांमधील करार असल्यामुळे कंपनीचे स्वरूप बदलायचे की नाही, हे भागधारकांनीच विशेष ठरावाने ठरवावे, हे ते तत्त्व होय.

कलम ४३-अ : नियमावलीला वळसा

या तत्त्वाला १९६० च्या दुरुस्तीने अपवाद निर्माण केला. कंपनी नावाने खाजगी असली तरी तिच्या भांडवलात इतर कंपन्यांचा, आणि त्यांच्यामार्फत जनतेचा, पैसा गुंतलेला असू शकतो. अशा कंपनीला खाजगी कंपनीच्या सवलती का द्याव्यात, हा शासनापुढील प्रश्न होता. म्हणून कलम ४३-अ घालण्यात आले. खाजगी कंपनीचे २५ टक्के किंवा अधिक वसूल भागभांडवल इतर निगम संस्थांकडे असल्यास, काही अपवाद वगळता, ती कायद्यानेच सार्वजनिक ठरू लागली. १९७४ च्या दुरुस्तीने उलाढालीची कसोटीही जोडली. या बदलासाठी भागधारकांच्या ठरावाची गरज नव्हती. निबंधक आपल्या नोंदवहीतून कंपनीच्या नावातील ‘प्रायव्हेट’ हा शब्द काढून टाकीत असे.

मात्र त्याच कलमाने अशा कंपनीला आपल्या नियमावलीत तिन्ही निर्बंध कायम ठेवण्याची मुभा दिली. परिणामी कंपनी कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक आणि नियमावलीच्या दृष्टीने खाजगी, अशी दुहेरी अवस्था निर्माण झाली.

नीडल इंडस्ट्रीजचा खटला

या अवस्थेचा कस सर्वोच्च न्यायालयात १९८१ साली लागला. निलगिरीतील केट्टी येथे कारखाना असलेली नीडल इंडस्ट्रीज (इंडिया) ही १९४९ मध्ये स्थापन झालेली खाजगी कंपनी कलम ४३-अ मुळे सार्वजनिक ठरली होती. परंतु तिच्या नियमावलीत खाजगी कंपनीचे निर्बंध तसेच होते. तिच्या ३२,००० भागांपैकी १८,९९० भाग, म्हणजे सुमारे ५९ टक्के, इंग्लंडमधील होल्डिंग कंपनीकडे होते. परकीय चलन नियमन कायदा, १९७३ अन्वये रिझर्व्ह बँकेने हे प्रमाण ४० टक्क्यांवर आणण्याची अट घातली होती.

एप्रिल १९७७ मध्ये संचालक मंडळाने दर दोन भागांमागे एक, असे १६,००० हक्कभाग प्रत्येकी १०० रुपयांना देण्याचे ठरविले. होल्डिंग कंपनीच्या वाट्याला ९,४९५ भाग येत होते. परंतु प्रस्तावाचे पत्र तिला वेळेत मिळाले नाही आणि सर्व भाग भारतीय भागधारकांना गेले. एकूण ४८,००० भागांत तिचा वाटा ३९.५६ टक्क्यांवर आला. सार्वजनिक कंपनीत हक्कभागांचा प्रस्ताव दुसऱ्याच्या नावे सोडून देण्याचा अधिकार असतो, तो आपल्यालाही हवा होता, असे होल्डिंग कंपनीचे म्हणणे होते.

सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी निकालात स्पष्ट केले की, खाजगी व सार्वजनिक यांच्याबरोबरच कलम ४३-अ ची कंपनी हा तिसरा प्रकार आहे. नियमावलीत निर्बंध कायम असताना बाहेरच्या व्यक्तीच्या नावे भाग सोडण्याचा अधिकार मानला, तर ते निर्बंधच निरर्थक ठरतील. म्हणून हा अधिकार तिथे लागू होत नाही. भागविक्री रद्द झाली नाही; तथापि १९० रुपये मूल्याचे भाग १०० रुपयांना मिळाल्याने लाभ घेणाऱ्या भारतीय भागधारकांनी प्रतिभाग ९० रुपयांप्रमाणे ८,५४,५५० रुपये होल्डिंग कंपनीला द्यावेत, असा आदेश झाला. कंपनीवरील शिक्का बदलला तरी भागधारकाचे हक्क अखेर नियमावलीतील शब्दांवर ठरले, हे या निकालाचे सार होय.

१३ डिसेंबर २००० पासून कलम ४३-अ ची अंमलबजावणी थांबविण्यात आली.

२०१३ च्या कायद्यानुसार कार्यपद्धती

२०१३ च्या कायद्याने सभासदांची मर्यादा २०० केली. मूळ कसोटी मात्र नियमावलीचीच राहिली. रूपांतरासाठी प्रथम किमान ७ सभासद आणि ३ संचालक असल्याची खात्री करावी लागते. त्यानंतर संचालक मंडळ सर्वसाधारण सभा बोलावते. सभेची सूचना किमान २१ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. कलम १४ अन्वये नियमावलीतील बदलासाठी आणि कलम १३ अन्वये नावातील ‘प्रायव्हेट’ हा शब्द वगळण्यासाठी विशेष ठराव संमत व्हावा लागतो. म्हणजेच ठरावाच्या बाजूची मते विरुद्ध मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. विशेष ठराव ३० दिवसांत एम.जी.टी.-१४ या नमुन्यात आणि बदललेली नियमावली १५ दिवसांत आय.एन.सी.-२७ या नमुन्यासह निबंधकाकडे सादर होते. निबंधक नवे प्रमाणपत्र देतो. कलम १८ नुसार जुनी कर्जे, दायित्वे व करार अबाधित राहतात.

चुका प्रामुख्याने नियमावलीच्या मसुद्यात होतात. तीन निर्बंधांचे कलम वगळले जाते. पण भाग आधी विद्यमान सभासदांनाच देऊ करावेत, किंवा संचालकांनी कारण न देता हस्तांतरण नाकारावे, अशी कलमे इतरत्र शिल्लक राहतात. कलम ५८ नुसार सार्वजनिक कंपनीचे भाग मुक्तपणे हस्तांतरणीय असल्यामुळे अशी कलमे पुढे वादाचे कारण ठरतात. गणपूर्ती दोनऐवजी किमान पाच सभासदांची करावी लागते. एकूण संचालकांपैकी किमान दोन-तृतीयांश पाळीपाळीने निवृत्त होणारे असावे लागतात. त्यामुळे बहुसंख्य कुटुंबीयांना कायम संचालक ठरविणारे कलम टिकत नाही. खाजगी कंपन्यांना २०१५ च्या अधिसूचनेने मिळालेल्या सवलतींवर आधारलेली कलमेही तपासावी लागतात. म्हणूनच एखादे कलम खोडण्यापेक्षा संपूर्ण नवी नियमावली स्वीकारणे अधिक सुरक्षित ठरते.

निष्कर्ष

कलम ४३-अ ची छाया अजून पूर्णपणे सरलेली नाही. सार्वजनिक कंपनीची उपकंपनी असलेली खाजगी कंपनी, तिच्या नियमावलीत निर्बंध असले तरी, २०१३ च्या कायद्याच्या कलम २(७१) नुसार सार्वजनिकच मानली जाते. नीडल खटल्यातील दुहेरी अवस्था अशा मर्यादित रूपात आजही शिल्लक आहे. स्वेच्छेने होणाऱ्या रूपांतरात मात्र ती टाळता येते. ठरावानंतर अमलात येणाऱ्या नियमावलीत जुन्या निर्बंधांचा मागमूस राहिला आहे काय, हे तपासणे हाच त्याचा मार्ग होय; कारण प्रमाणपत्र कंपनीचे नाव बदलते, तर भागधारकांचे परस्परसंबंध नियमावली बदलते.