एक्क्याऐंशी इंचांची दोरी

साल १६६६ च्या आसपासचं. तुम्ही इंग्लंडमध्ये आहात. प्लेगच्या भीतीनं केंब्रिजच्या विद्यापीठानं विद्यार्थ्यांना घरी धाडलं आहे आणि तुमच्यासमोर तेविशी-चोविशीतला एक तरुण छताच्या तुळईला दोरी बांधतो आहे. तो आयझॅक न्यूटन. दोरीची लांबी ८१ इंच, म्हणजे आपल्या मापानं जेमतेम २.०६ मीटर. खालच्या टोकाला जड गोळा. बाजूला कातड्याचा एक तुकडा पडला आहे. एका जुन्या कायदेशीर दस्तऐवजाची ती मागची कोरी बाजू. आकडेमोड तिच्यावरच होणार.

त्याला हवं आहे ते एकच: उंचावरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात किती खाली येते? हे थेट मोजायला त्या काळाची घड्याळं अपुरी आहेत. वस्तू पडायला लागते न लागते तोच जमिनीवर आदळते. म्हणून तो गोळ्याला पडू देत नाही, गोल फिरवत ठेवतो. फिरणारा गोळा शेकडो फेऱ्या घालतो, आणि शेकडो फेऱ्यांचा वेळ मोजताना घड्याळाची चूक सगळ्या फेऱ्यांत वाटली जाते.

गोळा हातात घ्या. तो नुसता बाजूला ओढून सोडलात तर मागेपुढे झुलेल. दोरीला काटकोनात, आडवा ढकला. ढकल कमी-जास्त झाली तर वर्तुळ न होता लंबवर्तुळ होतं आणि दोरीचा कोन फेरीत दोनदा वाढतो, दोनदा घटतो. तसं दिसलं की थांबवा, पुन्हा ढकला. नीट जमलं की दोरी हवेत शंकू रेखते. हाच शंकू दोलक.

न्यूटननं ओळंब्याशी ४५ अंशांचा कोन निवडला आहे. या कोनात गोळ्याच्या वर्तुळाची त्रिज्या आणि टांगणीपासून त्या वर्तुळाच्या मध्यापर्यंतची खोली सारखीच असते: ८१ गुणिले ०.७०७, म्हणजे ५७.३ इंच किंवा १.४५५ मीटर. कोनमापकाचीही गरज नाही. टांगणीच्या बरोबर खाली मध्य धरून जमिनीवर ५७.३ इंच त्रिज्येचं वर्तुळ खडूनं काढा. गोळा त्या रेघेवरून फिरतो आहे तोवर कोन ४५ आहे.

आता दोरीतला ताण काढू. गोळा १ किलोचा धरा. तो ना वर जातो ना खाली, म्हणजे ताणाचा उभा भाग त्याचं वजन पुरतं पेलतो. वजन ९.८ न्यूटन. तिरक्या दोरीच्या ताणातला ०.७०७ इतकाच हिस्सा उभा लागू पडतो, म्हणून ताण ९.८ भागिले ०.७०७, सुमारे १३.९ न्यूटन. दोरी नुसती लोंबत असती तर ९.८ पुरले असते. कोन ६० अंश केलात तर ताण वजनाच्या दुप्पट होईल, आणि ९० अंशांच्या जवळ जाल तसा तो वाढतच जाईल. दोरी पूर्ण आडवी कधीच होणार नाही, कारण आडव्या दोरीला उभा भाग नसतो आणि मग वजन पेलायला कुणीच उरत नाही.

उरला ताणाचा आडवा भाग. तो गोळ्याला सतत मध्याकडे ओढतो. ही ओढ नसती तर गोफणीतून सुटलेल्या दगडासारखा गोळा सरळ रेषेत निघून गेला असता. ४५ अंशांत आडवा भाग उभ्या भागाइतकाच, म्हणजे वजनाइतकाच असतो. इथेच न्यूटनच्या निवडीचं मर्म आहे: गोळा मध्याकडे ज्या त्वरणानं वळतो, ते नेमकं पडणाऱ्या वस्तूचं त्वरण आहे. वर्तुळात हे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. म्हणून वेगाचा वर्ग ९.८ गुणिले १.४५५, म्हणजे १४.२६, आणि वेग सेकंदाला ३.७८ मीटर. परीघ ९.१४ मीटर. त्याला वेगानं भागा: एका फेरीला २.४२ सेकंद. गोळ्याचं वस्तुमान दोन्ही बाजूंना असल्यानं गळून पडलं. ताण त्यावर ठरतो, वेग आणि आवर्तकाल नाही.

कोणत्याही कोनासाठी हेच गणित मांडलं तर आवर्तकालाचं सूत्र असं येतं:

T = 2π√(h/g)

यात h म्हणजे टांगणीपासून वर्तुळाच्या मध्यापर्यंतची खोली. दोरीची लांबी आणि कोन या खोलीतूनच आत येतात. ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर गोळा फिरत राहू द्या. हवेच्या अडथळ्यानं तो हळूहळू खडूच्या रेघेच्या आत सरकतो. वर्तुळ लहान झालं म्हणजे फेरी लवकर संपेल असं वाटतं, पण कोन ४० अंशांवर आला की खोली वाढून १.५८ मीटर होते आणि फेरीला २.५२ सेकंद लागतात. गोळा रेघ सोडून आत आला आणि तुम्ही मोजतच राहिलात, तर फेऱ्या कमी भरतील आणि गुरुत्वाचं त्वरणही कमी निघेल.

न्यूटनच्या मोजणीत तासाला १५१२ फेऱ्या येतात, म्हणजे फेरीला २.३८ सेकंद. आपल्या हिशेबानं तासाला १४८८ च्या आसपास यायला हव्यात. फरक दीड टक्क्याचा. कोन दोनेक अंशांनी जास्त पडला तरी एवढा फरक पडतो, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्यानं अंतिम उत्तरात तो दुप्पट होतो. त्याच्या आकड्यांवरून पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे २०० इंच खाली येते. आजचा आकडा १९३ इंच.

तरी या उत्तरानं मोठं काम केलं. गॅलिलिओच्या पुस्तकातल्या आकड्यावरून न्यूटनला गुरुत्वाचं जे मूल्य मिळालं होतं, त्याच्या जवळपास दुप्पट हे निघालं. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असेल तर माणसं, दगड, झाडं बाहेर का फेकली जात नाहीत, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. कातड्यावरच्या हिशेबाचा रोख त्याच्यावर होता. आजचे आकडे घेतले तर विषुववृत्तावर वस्तूला पृथ्वीबरोबर फिरवत ठेवायला जी ओढ लागते, तिच्या २८९ पट गुरुत्व हाताशी आहे. ही ओढ वेगाच्या वर्गाबरोबर वाढते आणि २८९ चं वर्गमूळ १७. म्हणजे वस्तू जमिनीवरून सुटायला पृथ्वी १७ पट वेगानं फिरायला हवी, दिवस साधारण ८४ मिनिटांचा व्हायला हवा. ही ८४ मिनिटं शंकू दोलकाच्या सूत्रातूनच निघतात. खोलीच्या जागी पृथ्वीची त्रिज्या, ६३७८ किलोमीटर, घालून पाहा.